वर्गणीच्या शीटमध्ये एका सेलमधले फ्लॅट मोजायच्या आधी

सोसायटीच्या गणपतीची वर्गणी गोळा करताना शीट बहुतेक अशीच असते, की A कॉलममध्ये कार्यकर्त्याचं नाव आणि B मध्ये त्याने ज्या ज्या फ्लॅटमधून पैसे घेतले त्यांचे नंबर, सगळे एकाच सेलमध्ये कॉमा देऊन. आणि मग शेवटी कोणीतरी विचारतं, कोणी किती घरं केली? तर फॉर्म्युला टाकायच्या आधी काय काय करून ठेवायचं ते सांगतो.

पहिलं काम शीट वाटायच्या आधीचं. B कॉलम आख्खा सिलेक्ट करून फॉरमॅट टेक्स्ट करून ठेवा, गूगल शीट्समध्ये Plain text. कारण कोणी 101,102,203 असं स्पेस न देता टाईप केलं की एक्सेलला ती मोठी रक्कम वाटते, सेलमध्ये खरं तर 101102203 हा एकच नंबर बसतो आणि दिसणारे कॉमा फक्त दाखवायचे असतात, त्यामुळे मोजणी येते 1. ओळखायचं कसं, तर असा आकडा सेलच्या उजव्या बाजूला चिकटतो आणि फॉर्म्युला बारमध्ये बघितलं तर कॉमा गायब. नंतर फॉरमॅट बदलून कॉमा परत येत नाहीत, हाताने टाकावे लागतात. आणि त्यातही एक्सेल 15 आकडेच नीट धरतो, म्हणजे तीन-तीन आकड्यांचे पाच फ्लॅट वाचतात, सहाव्याच्या जागी 000 दिसतं, तो नंबर गेलाच. विंगचं अक्षर लावलं, A-101 असं, तर हा त्रास होतच नाही, मला तर तेच बरं वाटतं.

दुसरं, लोकांना आधीच सांगा की "401 ते 404" लिहायचं नाही, "301 आणि 302" पण नाही. माणसाला ते चार आणि दोन कळतात, फॉर्म्युल्याला एक आणि एक. यावर कुठलाही जुगाड करत बसू नका, B कॉलममध्ये फाईंड करून "ते" आणि "आणि" शोधा आणि हाताने सुटे करा, पाच मिनिटांचं काम आहे.

आता मोजणी. सगळीकडे सांगतात तो हिशोब म्हणजे कॉमा मोजा आणि एक मिळवा. तीन फ्लॅटमध्ये दोन कॉमा, अधिक एक, झाले तीन. पण खऱ्या सेलमध्ये `204, 301,, 305,` असं असतं, मधे दोनदा कॉमा पडलाय, शेवटी एक लोंबकळतोय, म्हणजे कॉमा चार आणि उत्तर पाच, घरं मात्र तीनच. आणि रिकाम्या सेलला तर हा हिशोब सरळ 1 देतो, म्हणजे ज्याने काहीच केलं नाही त्यालाही एक घर!

म्हणून आधी C कॉलममध्ये साफ करून घ्यायचं आणि मग D मध्ये मोजायचं, एकाच लांबलचक फॉर्म्युल्यात सगळं कोंबू नका, कुठे चुकतंय ते दिसत नाही.

```
C2: =TRIM(SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(B2," ",""),CHAR(10),","),","," "))
D2: =IF(C2="",0,LEN(C2)-LEN(SUBSTITUTE(C2," ",""))+1)
```

C मध्ये आधी सगळ्या स्पेस उडतात, मग ज्यांनी Alt+Enter मारून खाली-खाली नंबर लिहिलेत त्यांच्या नव्या ओळीचा कॉमा होतो, मग सगळ्या कॉमांच्या जागी स्पेस येते, आणि TRIM पुढच्या-मागच्या स्पेस काढून मधल्या दोन-तीनची एक करतो. वरचा सेल होतो `204 301 305`, त्यात स्पेस दोन, उत्तर तीन. एक्सेल आणि शीट्स दोन्हीत हेच चालतं, जुन्या एक्सेलमध्येही.

गूगल शीट्सवाले म्हणतील COUNTA(SPLIT(B2,",")) छोटं आहे की. आहे, पण रिकाम्या सेलवर SPLIT एरर देतो आणि COUNTA त्या एररलाही एक धरतो, त्यामुळे IF तिथेही लागतोच. आणि SPLIT मध्ये ", " असं कॉमा आणि स्पेस मिळून देऊ नका, तो दोन्ही अक्षरांवर वेगवेगळं तोडतो, मग "बी 204" चे दोन होतात.

D भरला की दोन तपासण्या. D मध्ये 1 आलेत ते फिल्टर करून B वर नजर टाका, कोणी कॉमाऐवजी तिरकी रेघ किंवा टिंब दिलं असेल किंवा सेलचा नंबर झाला असेल तर इथेच सापडतं. आणि D ची बेरीज पावतीपुस्तकातल्या फाडलेल्या पावत्यांशी जुळवा. बेरीज जास्त आली तर बहुतेक एकच फ्लॅट दोघांनी लिहिलेला असतो, कारण हा फॉर्म्युला नोंदी मोजतो, वेगळे फ्लॅट नाही.