फ्लोट काचेची परिभाषा मराठीत आणताना या चुका टाळा

फ्लोट काचेच्या, म्हणजे वितळलेल्या कथिलावर तरंगवून बनवलेल्या सपाट काचेच्या, कारखान्यातील कार्यसूचना मराठीत आणताना अवघड संज्ञा फारसा दगा देत नाहीत, कारण त्यांच्यापाशी अनुवादक थांबतो आणि कुणाला तरी विचारतो. घात होतो तो ‘दाब’, ‘ताण’, ‘पट्टा’ अशा ओळखीच्या शब्दांनी. एका कारखान्यासाठी मी केलेल्या तक्त्यात पुढील ओळ होती: ‘कडेचा दाब कमी – बी झोनमध्ये कडेचे तापन कमी करा.’ मूळ आशय असा होता, की थंड झालेल्या काचेच्या कडेला पुरेसा दाबाचा ताण उरलेला नाही. रात्रपाळीच्या तंत्रज्ञाने ‘कमी’ ही आज्ञा समजली आणि ‘दाब’ म्हणजे कटरच्या चाकाचा दाब असे धरून तो उतरवला. चरा उथळ पडू लागला, कडेची पट्टी सरळ तुटेना आणि मूळ दोष लेहरमध्ये, म्हणजे काच सावकाश थंड करणाऱ्या लांब भट्टीत, तसाच राहिला. दोष त्याच्या वाचनाचा नव्हता, माझ्या वाक्याचा होता.

तेव्हापासून मी काचेच्या आतल्या बलासाठी ‘ताण’ हा शब्द राखून ठेवतो आणि त्याचे दोन प्रकार ‘ओढताण’ व ‘दाबताण’ असे जोडशब्दांनीच लिहितो. हवा, वायू किंवा चाक यांच्यासाठी कामगार बोलतात तसे ‘प्रेशर’च ठेवतो. स्थिती आणि कृतीही वेगळ्या वाक्यांत लिहितो: ‘कडेला दाबताण अपुरा आहे. बी झोनमध्ये कडेचे हीटर उतरवा.’

याहून खोल चूक ‘कायम’ आणि ‘तात्पुरता’ ही विशेषणे अनावश्यक समजून गाळण्याची आहे, कारण या दोन ताणांवरचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. नेहमीची सोडा-लाइम काच सुमारे ५५० अंश सेल्सिअसपासून ५०० अंशांच्या आसपास उतरत असताना कड मध्यभागापेक्षा जास्त गरम राहिली, तर पुढे कडेला जास्त आकसायचे असते. मध्यभाग तिला तसे करू देत नाही आणि कडेला कायमचा ओढताण राहतो. त्यावर उपाय म्हणजे त्या टप्प्यात, म्हणजे लेहरच्या बी झोनमध्ये, कड थोडी थंड ठेवणे. मात्र काच पूर्ण ताठर झाल्यानंतर, पुढच्या झोनमध्ये, कड मध्यभागापेक्षा थंड पडली तर तिच्यावर तात्पुरता ओढताण येतो आणि रिबन, म्हणजे पुढे सरकणारी काचेची अखंड पट्टी, लेहरमध्येच तडकू शकते; तिथे कड गरम करावी लागते. तक्त्यात नुसते ‘कडेला ओढताण’ लिहिले, तर तंत्रज्ञाने कोणता हीटर कोणत्या दिशेने फिरवायचा हे ठरत नाही.

दोन्हींतला फरक ओळखायचा कसा, हेही तक्त्यात लिहावे. तापमान सर्वत्र सारखे झाले की तात्पुरता ताण नाहीसा होतो, कायमचा राहतो. लेहरबाहेर आलेली रिबन अजून कोमट असते, म्हणून तिथल्या मापात दोन्ही ताण मिसळलेले असतात. पूर्ण रुंदीची काच खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी आणि मग तिची कड ध्रुवित प्रकाशात तपासावी. लहान तुकडा कापून तपासू नये, कारण कापताच रुंदीभर पसरलेला ताण बराचसा मोकळा होतो आणि काच निर्दोष असल्याचा भास होतो.

‘ॲनीलिंग’साठी ‘थंड करणे’ लिहिणे मला मान्य नाही. ‘अनुशीतन’ हा शब्द चांगला आहे, पण त्याच्यासोबत ‘ताण मोकळा होईल अशा गतीने थंड करणे’ हा खुलासा हवा. पोलादाच्या सवयीने ‘पाणी देणे’ म्हणणे तर थेट उलटे आहे. झपाट्याने थंड करून पृष्ठभागावर दाबताण भरणे म्हणजे काच टफन करणे होय. ‘लेहर’ मात्र असाच राहू द्यावा. ‘लेअर’ लिहिले की वाचणारा थर समजतो. ‘रिबन’चाही ‘पट्टा’ करू नये, कारण ‘पट्टा तुटला’ हे ऐकून माणूस कन्व्हेयरकडे धावेल.

फर्नेसच्या शब्दांत दोनच ठिकाणी विशेष जपावे लागते. ‘रिफायनिंग’ला ‘शुद्धीकरण’ म्हटले की गाळणे किंवा धुणे डोळ्यांपुढे येते. तिथे काम चालते ते वितळलेल्या काचेतले बुडबुडे वर आणून बाहेर काढण्याचे. आणि ‘कॅम्पेन’ म्हणजे ‘मोहीम’ नव्हे, तर फर्नेस पेटवल्यापासून दुरुस्तीसाठी विझवेपर्यंतचा काळ, जो पंधरा वर्षांच्याही पुढे जाऊ शकतो.

कटिंग लाइनवर काच आरपार कापली जात नाही. चाक वरून बारीक चरा पाडते आणि मग रोलरवर वाकवून काच त्या रेषेत तोडतात. म्हणून ‘स्कोअर’ला ‘चरा’ आणि दोषाला ‘ओरखडा’ असे दोन शब्द काटेकोरपणे वेगळे ठेवावेत, नाहीतर तपासणीच्या नोंदीत ‘ओरखडा खोल नाही’ हे वाक्य चांगल्या काचेबद्दल आहे की बिघडलेल्या कटरबद्दल, हे पुढच्या पाळीला कळणार नाही.