फोटोतल्या स्टेट डायग्रामवरून जेके फ्लिप-फ्लॉपचा काउंटर कसा तयार करावा

फळ्यावरच्या किंवा वहीतल्या स्टेट डायग्रामचा फोटो समोर आला की थेट के-मॅपकडे वळू नये. वर्तुळांतले आकडे आणि बाणांची दिशा आधी कागदावर उतरवावी, कारण तिरप्या फोटोत १०१ आणि ११० यांची गल्लत सहज होते. क्लॉकखेरीज दुसरे इनपुट नसलेल्या काउंटरमध्ये प्रत्येक वर्तुळातून नेमका एकच बाण बाहेर पडतो. दोन दिसले किंवा एकही दिसला नाही, तर वाचण्यात चूक झाली आहे.

समजा, क्रम ०, ३, ५, ६ आणि पुन्हा ० असा आहे. तीन बिट लागतील: सर्वांत मोठ्या किमतीचे A, मग B, मग C. जेके फ्लिप-फ्लॉपचे आउटपुट ० असताना पुढची किंमत J ठरवते आणि K काहीही चालतो. आउटपुट १ असताना ० व्हायचे असेल तर K ला १ आणि १ टिकवायचे असेल तर ० लागतो, तिथे J काहीही चालतो. हा नियम प्रत्येक बाणाला लावला की एक्साइटेशन टेबल तयार होते (x म्हणजे डोन्ट केअर):

```
ABC  पुढे  JA KA  JB KB  JC KC
000  011   0  x   1  x   1  x
011  101   1  x   x  1   x  0
101  110   x  0   1  x   x  1
110  000   x  1   x  1   0  x
```

१, २, ४ आणि ७ या अवस्था आकृतीत नाहीत, म्हणून के-मॅपमध्ये त्यांच्या जागीही x येतो. B प्रत्येक पल्सला बदलतो, त्यामुळे `JB = KB = 1`. शिवाय `JA = KA = B` आणि `JC = KC = B'` इतके सुटसुटीत उत्तर मिळते. मोह इथेच होतो. वीज सुरू होताना काउंटर १ वर उभा राहिला, तर या जोडणीत तो १, २, ४, ७, १ असा फिरत राहील आणि मूळ क्रमात कधीच येणार नाही. यालाच लॉकआउट म्हणतात, आणि चारच बाण तपासणाऱ्याला तो दिसत नाही.

सुदैवाने टेबल `JC = A'` हेही मान्य करते: ००० ला १ आणि ११० ला ० मिळतो. तेवढी एकच तार बदलावी, `KC = B'` तसाच ठेवावा. मग `Q+ = JQ' + K'Q` या सूत्रात किमती घालून पुढच्या अवस्थेची समीकरणे अशी येतात:

```
A+ = A'B + AB'
B+ = B'
C+ = A'C' + BC
```

आता न वापरलेल्या अवस्था याच समीकरणांत घालून पाहाव्यात. ७ वरून १, १ वरून २, २ वरून ५. आणि ४ वरून थेट ६. म्हणजे काउंटर कुठेही सुरू झाला तरी जास्तीत जास्त तीन पल्समध्ये मूळ क्रमात येतो.

ब्रेडबोर्डवर ७४७६ वापरत असाल तर एका आयसीत दोनच फ्लिप-फ्लॉप असल्याने दोन आयसी लागतील. त्यांचा पुरवठा नेहमीच्या कोपऱ्यातल्या पिनांना नसून ५ क्रमांकाला पाच व्होल्ट आणि १३ क्रमांकाला ग्राउंड असतो. प्रीसेट आणि क्लिअर या पिना शून्याला काम करतात, म्हणून मोजणी चालू असताना त्या १ ला जोडाव्यात. तिन्ही प्रीसेट क्षणभर ग्राउंडला लावून सोडले की काउंटर ७ वर जातो. तिथून एकेक पल्स देत दिवे १, २, ५ असे लागतात का ते पाहावे.