कर सल्लागाराचं माहितीपत्रक दुकानदाराला कळेल असं कसं लिहावं

कर सल्लागारांच्या माहितीपत्रकात बहुतेक वेळा एकच यादी असते: जीएसटीआर-1, जीएसटीआर-3बी, 2बी रिकन्सिलिएशन, आयटीसी पडताळणी, कलम अमुक अन्वये अनुपालन. हार्डवेअरच्या दुकानदाराला त्यातून एवढंच कळतं की हा माणूस रिटर्न भरतो. मग तो फक्त फी विचारतो आणि सर्वात स्वस्त सल्लागार धरतो. आपण त्याचे पैसे कुठे वाचवतो, हे त्या कागदावर कुठेच नसतं.

(तुम्ही सीए असाल, तर पत्रक छापण्याआधी आयसीएआयचे प्रसिद्धीबद्दलचे नियम वाचा.)

1. यादीतली कामं वेगळी करा. ज्या कामाने दुकानदाराचा पैसा किंवा दंड वाचतो ते एका बाजूला, बाकी सगळं दुसऱ्या बाजूला. दुसरी बाजू शेवटी दोन ओळींत बसते.

2. प्रत्येक कामाची ओळ नव्याने लिहा. सगळी अडचण इथेच आहे. मलाही इथेच सर्वात जास्त वेळ लागायचा.

‘सोपं मराठी वापरा’ हा सल्ला इथे उपयोगाचा नाही. जीएसटी, रिटर्न, नोटीस, कंपोझिशन हे शब्द दुकानदार रोज बोलतो, ते तसेच ठेवा. ‘वस्तू व सेवा कर विवरणपत्र’ लिहिलंत तर उलट त्याला थांबून विचार करावा लागेल. शब्द बदलण्याआधी एक करा: हे काम झालं नाही तर त्याच्या गल्ल्यातून किती जातात, ते मांडा.

‘2बी रिकन्सिलिएशन व आयटीसी पडताळणी’ हीच ओळ घेऊ. दुकानदाराने होलसेलरकडून 1,00,000 रुपयांचा माल घेतला आणि 18 टक्क्यांनी 18,000 रुपये टॅक्स त्याला दिला. होलसेलरने ते बिल आपल्या रिटर्नमध्ये दाखवलं नाही, तर ते 18,000 दुकानदाराच्या 2बीमध्ये येत नाहीत. मग विक्रीवरच्या टॅक्समधून ते वजा करता येत नाहीत आणि तेवढी रक्कम खिशातून भरावी लागते. दरमहा रिटर्न भरणारा होलसेलर आपली बिलं 11 तारखेपर्यंत दाखवतो, 14 तारखेला 2बी तयार होतं आणि दुकानदारही दरमहा भरणारा असेल तर त्याचं 3बी 20 तारखेपर्यंत भरायचं असतं. सल्लागाराचं खरं काम 14 ते 20 च्या मधलं आहे, पण पत्रकात नेमकं तेच गायब असतं.

आता लिहायचं काय? ‘आम्ही बिलं काळजीपूर्वक तपासतो’ हे पुरत नाही, त्यात दुकानदार कुठेच नाही. ‘तुमचे 18,000 वाचवतो’ हे तर लिहूच नका. होलसेलरने रिटर्न भरणं तुमच्या हातात नाही. त्याने उशिरा भरलं तर क्रेडिट पुढच्या महिन्यात येतं, आणि तो तिमाही भरणारा असेल तर आणखी थांबावं लागू शकतं. जे तुमच्या हातात आहे तेवढंच छापा:

‘होलसेलरने तुमचं बिल रिटर्नमध्ये दाखवलं नाही, तर त्याला दिलेला टॅक्स तुम्हाला पुन्हा खिशातून भरावा लागतो. अशा होलसेलरांची यादी दर महिन्याच्या 16 तारखेला तुमच्या व्हॉट्सॅपवर येईल. पुढचं पेमेंट करण्याआधी ती बघा.’

शेवटचं वाक्य गाळू नका. होलसेलरकडून काम करून घ्यायचं दुकानदाराचं एकमेव हत्यार म्हणजे थकलेलं पेमेंट. ते हातातून गेलं की नुसते फोन करत बसायचं. आणि 16 तारीख पाळणं जमणार नसेल तर ती छापू नका. सोळाची यादी बाविसाला आली तर तिच्या भरवशावर बसलेल्या माणसाचं नुकसान होतं.

या ओळीखाली एक टीप हवीच: कंपोझिशनमधल्या दुकानदाराला खरेदीवरच्या टॅक्सचं क्रेडिट मिळत नाही, त्यामुळे ही सोय त्याच्यासाठी नाही. हे लिहिलं नाही तर तो त्यासाठी पैसे मोजेल आणि नंतर फसवलं म्हणेल.

3. दुकानात नेऊन तपासा. दुपारी गिऱ्हाईक कमी असताना ओळखीच्या दुकानदाराला मसुदा वाचायला द्या आणि एकच प्रश्न विचारा: ‘सोळा तारखेला तुमच्या हातात काय येणार?’ तो ‘रिटर्न भरून मिळणार’ म्हणाला तर ओळ पुन्हा लिहा. ‘छान आहे’ या उत्तराला काही अर्थ नाही.

4. फी छापा. महिन्याची, आणि त्यात काय येतं ते.

5. दर आणि कलमं मुख्य पत्रकात नकोत. 22 सप्टेंबर 2025 ला जीएसटीचे कितीतरी दर बदलले, आणि 1 एप्रिल 2026 पासून नव्या आयकर कायद्याने कलमांचे क्रमांकही बदलले. ते सगळं एका सुट्या चिठ्ठीवर छापा, म्हणजे बदल झाला की फक्त चिठ्ठी नवी काढावी लागेल.