बिनपगारी रजेची कपात कळवणारे पत्र: या चुका टाळा

पगार हातात आला की कामगार मोबाइलवर भागाकार करतो. महिन्याचा पगार भागिले तीस, गुणिले खाडे. ऑफिसने भागलेले असते सव्वीसने. दोन उत्तरे जुळत नाहीत आणि तिथून वाद सुरू होतो. मग ऑफिस एक पत्र देते: ‘आपण रजेवर असल्याने नियमानुसार कपात केली आहे.’ या पत्राने काहीच मिटत नाही, कारण कामगाराने विचारलेले असते ते कितीने भागले आणि किती दिवस धरले, एवढेच.

एक उदाहरण घेऊन बघू. पिंपरी-चिंचवडच्या बाजूचा एखादा लहान कारखाना, लेथवरचा कामगार, महिना जुलै २०२५. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १४,८५० रुपये, घरभाडे भत्ता ५,४००, एकूण २०,२५०. जुलैचे दिवस ३१, रविवार चार (६, १३, २०, २७), म्हणजे कामाचे दिवस २७. हा कामगार शुक्रवार ११ ते गुरुवार १७ कामावर नव्हता. मध्ये १३ चा रविवार येतो, म्हणून कामाचे दिवस बुडाले सहा. हक्काची भरपगारी रजा दोन दिवस शिल्लक होती, ती ११ आणि १२ ला लावली. बिनपगारी राहिले चार दिवस: १४, १५, १६ आणि १७.

सगळ्यात महाग चूक इथेच होते. सव्वीसने भागायचे आणि खाडे मोजताना मधला रविवारही धरायचा. २०,२५० भागिले २६ म्हणजे ७७८.८५ रुपये रोज. रविवार धरून पाच दिवस, कपात ३,८९४. हे चूक का, ते सरळ आहे. सव्वीसने भागताना रविवार आपण आधीच बाहेर काढलेले असतात. रोजचा दर त्यामुळेच वाढलेला असतो. त्याच वाढलेल्या दराने पुन्हा रविवार कापला तर एकच रविवार दोनदा वसूल होतो. भागताना जे दिवस धरले, खाडे मोजताना तेच दिवस धरायचे. कामाच्या दिवसांनी भागलेत तर फक्त कामाचे दिवस कापा.

सव्वीस हा आकडा मुळात येतो कुठून? ग्रॅच्युइटीच्या १९७२ च्या कायद्यात महिन्याच्या पगारातून रोजचा दर काढताना सव्वीसने भागत. तिथे तो बरोबर होता. पण तो सवयीने सगळीकडे चिकटला. जुलै २०२५ मध्ये कामाचे दिवस २७ होते, आणि तिथे सव्वीस चालत नाही. तेव्हा लागू असलेल्या वेतन प्रदान अधिनियम, १९३६ च्या कलम ९ नुसार गैरहजेरीची कपात ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असू शकत नव्हती. त्या पगाराच्या काळात जेवढे काम करणे बंधनकारक होते, त्यातला जेवढा भाग माणूस गैरहजर होता, पगाराचा तेवढाच भाग कापता येतो. नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आलेल्या २०१९ च्या वेतन संहितेतही कलम २० मध्ये हेच प्रमाण ठेवले आहे. आपल्या उदाहरणात ते प्रमाण ४/२७ येते. २०,२५० भागिले २७ बरोबर ७५०, गुणिले ४ म्हणजे ३,०००. हा कपातीचा वरचा काठ. ३,८९४ कापणारे ऑफिस त्याच्या ८९४ रुपये वर गेलेले असते.

आपले सूत्र बरोबर आहे की नाही हे ओळखायची एक सोपी युक्ती आहे: सूत्र टोकाला नेऊन बघायचे. समजा माणूस जुलैत एकही दिवस आला नाही. कपात बरोबर २०,२५० यायला हवी, ना कमी ना जास्त. सत्तावीसने भागून सत्तावीस खाडे कापले की तेवढीच येते. सव्वीसने भागलेत तर २१,०२९ येते, म्हणजे न येणाऱ्याने वर ७७९ रुपये कारखान्याला द्यायचे! आणि जो एकच दिवस येऊन सव्वीस दिवस घरी राहिला, त्याचा तो एक दिवस फुकट गेला. उलट बाजूची गंमतही आहे. तीसने भागून फक्त कामाचे दिवस कापले, तर महिनाभर न आलेल्याची कपात १८,२२५ होते आणि २,०२५ रुपये त्याला घरबसल्या मिळतात. ऑफिसचा नियम लेखी असो वा तोंडी, या कसोटीत नापास झाला तर पत्र पाठवण्याआधी नियम दुरुस्त करा.

काही ठिकाणी ३१ दिवसांनी भागतात. चार दिवसांचे २,६१३ रुपये होतात, काठाच्या आत. पण हेच ऑफिस मधला रविवारही धरून पाच दिवस कापते, तेव्हा आकडा ३,२६६ वर जातो आणि काठ ओलांडतो. दोन खाड्यांच्या मधली सुट्टीही कापण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी अंगवळणी पडलेली आहे. माझ्या मते लहान कारखान्याने ती सोडून द्यावी, कारण पत्रात तिचे समर्थन करणे कठीण जाते.

दुसरी चूक लहान दिसते, पण कामगाराच्या डोळ्यांना तीच आधी दिसते. ३,००० कापले म्हणून पत्रात लिहायचे, आणि बँकेत मात्र कमी झालेले असतात २,७१४. पत्र खोटे नाही, पण अर्धे आहे. कपात एकूण पगारातून होते. एकूण पगार घटला की त्यावरचा पीएफ आणि ईएसआयही घटतो. पूर्ण महिन्यात पीएफ १४,८५० चे बारा टक्के, १,७८२. ईएसआय ०.७५ टक्क्यांनी १५१.८८, ईएसआयमध्ये पुढचा पूर्ण रुपया धरतात म्हणून १५२. व्यवसाय कर २००. हातात १८,११६. चार खाडे गेल्यावर तेवीस दिवसांचा मूळ पगार १२,६५०, घरभाडे ४,६००, एकूण १७,२५०. पीएफ १,५१८, ईएसआय १३०, व्यवसाय कर २००. हातात १५,४०२. फरक २,७१४.

हा हिशोब नीट न समजलेला लेखनिक हातातल्या १८,११६ मधूनच ३,००० वजा करतो आणि १५,११६ देतो. कामगाराचे २८६ रुपये जातात. ओळखायची खूण अशी: पगारपत्रकावर खाडे दिसतात, पण पीएफचा आकडा गेल्या महिन्याइतकाच असतो. मूळ पगार १५,००० च्या आत असलेल्या माणसाच्या बाबतीत असे दिसले, की कपात चुकीच्या जागी झाली आहे.

व्यवसाय कर मात्र दिवसांच्या प्रमाणात घटत नाही, आणि पत्रात हे एका वाक्यात सांगावे लागते. महाराष्ट्रात पुरुष कामगाराचा त्या महिन्याचा पगार १०,००० च्या वर असेल तर २०० रुपये, मग खाडे चार असोत की दहा. आपल्या कामगाराचे चौदा खाडे झाले असते तर पगार ९,७५० वर आला असता आणि कर १७५ झाला असता. स्त्री कामगाराला २५,००० पर्यंत हा कर नाही, म्हणून तिच्या पत्रात ही ओळच येणार नाही. फेब्रुवारीत २०० च्या जागी ३०० कापतात. त्यामुळे फेब्रुवारीच्या पत्रात जानेवारीशी तुलना केलीत तर जास्तीचे शंभर रुपये खाड्यांच्या खात्यावर जाणार नाहीत एवढे बघा.

तिसरी चूक शब्दाची, पण परिणाम कायद्याचा. पत्रात ‘दंड’ लिहू नका. न केलेल्या कामाचा पगार न देणे आणि दंड करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९३६ च्या कायद्यात दंडाला वेगळे कलम होते, वेतन संहितेतही आहे. कामगाराला आपली बाजू मांडायची संधी द्यावी लागते, आणि रक्कम त्या काळातल्या पगाराच्या तीन टक्क्यांपलीकडे जाऊ शकत नाही. २०,२५० चे तीन टक्के होतात ६०७ रुपये ५० पैसे. म्हणजे ३,००० ची कपात तुम्ही स्वतःच्या सहीने ‘दंड’ म्हणून लिहिलीत, तर बरोबर असलेली कपात कागदावर बेकायदा करून ठेवलीत. न सांगता रजा घेतली म्हणून समज द्यायची असेल तर ती वेगळ्या पत्रात द्या. हिशोबाच्या कागदावर रागाची ओळ आली की आकडे कोणी वाचत नाही.

या सगळ्या चुका टाळून पत्र साधारण असे होते:

‘श्री. ______ यांस, स.न.वि.वि. जुलै २०२५ च्या आपल्या पगारात झालेल्या कपातीचा हिशोब खाली देत आहोत. हजेरीपटानुसार आपण ११ ते १७ जुलै या काळात कामाचे सहा दिवस गैरहजर होता. आपल्या खात्यावर हक्काची रजा दोन दिवस शिल्लक होती, ती ११ व १२ जुलैला लावली असून त्या दोन दिवसांचा पगार दिला आहे. १३ जुलै ही साप्ताहिक सुट्टी असल्याने तिची कपात केलेली नाही. १४ ते १७ जुलै हे चार दिवस बिनपगारी आहेत. महिन्यात कामाचे दिवस २७. एका दिवसाचा पगार २०,२५० ÷ २७ = ७५० रु. कपात ७५० × ४ = ३,००० रु. देय पगार १७,२५० रु. त्यातून पीएफ १,५१८, ईएसआय १३० व व्यवसाय कर २०० वजा जाता आपल्या खात्यात १५,४०२ रु. जमा केले आहेत. पगार घटल्यामुळे पीएफ २६४ रु. व ईएसआय २२ रु. कमी कापले गेले, म्हणून हातात मिळणारी रक्कम ३,००० ऐवजी २,७१४ रुपयांनी कमी आहे. रजेची शिल्लक आता शून्य. हजेरीपट ऑफिसात पाहता येईल. हिशोबात चूक वाटल्यास कृपया लेखी कळवावे.’

रजा कोणत्या तारखांना लावली हे लिहिणे पुष्कळजण विसरतात. ‘दोन दिवस वळते केले’ एवढेच लिहिले, तर पुढच्या वर्षी रजेच्या खात्याचा वाद निघतो तेव्हा कोणालाच काही सिद्ध करता येत नाही. पत्र पगारपत्रकासोबतच द्यावे. वाद झाल्यावर लिहिलेला हिशोब, बरोबर असला तरी, मागाहून जुळवल्यासारखा वाटतो.

पत्रातले खाडे आणि पीएफच्या मासिक विवरणातले खाडे एकच असायला हवेत. हे विवरण, म्हणजे ईसीआर, भरताना प्रत्येक कामगारापुढे NCP Days हा रकाना असतो, म्हणजे ज्या दिवसांची वर्गणी नाही ते दिवस. इथे ४ यायला हवेत. बरेचजण तिथे शून्य टाकून मोकळे होतात. पगार घटलेला, खाडे शून्य, असे विवरण तपासणीत उठून दिसते.

आणि चूक झालीच असेल, समजा २७ ने भागून रविवारसुद्धा कापला आणि ३,७५० वजा केले, तर ७५० रुपये पाकिटात घालून परत देऊ नका. पुढच्या पगारपत्रकात ‘जुलै २०२५ ची बाकी’ अशी वेगळी ओळ टाका: मूळ पगार ५५०, घरभाडे २००. त्या ५५० वर कामगाराचा पीएफ ६६ रुपये कापा, कारखान्याचा वाटाही भरा, ईएसआयची रक्कम वाढलेल्या पगारावर काढा. नवे छोटे पत्र द्या आणि त्यात जुन्या पत्राची तारीख लिहून ते रद्द केल्याचे सांगा, नाहीतर कामगाराच्या फायलीत एकाच महिन्याचे दोन हिशोब राहतात.