दोन ओळींचा मेल तुसडा वाटत होता, त्यावर हे चाललं

बेळगावच्या उद्यमबागेत आमचं मशीनिंगचं वर्कशॉप आहे. कोल्हापूरच्या गिऱ्हाइकाला माझं उत्तर असायचं:

"माल शनिवारी निघेल. ड्रॉइंगची नवी प्रत पाठवा."

लगेच फोन यायचा, "काय साहेब, रागावलासा काय?"

मग वर "आपण कुशल असाल अशी आशा", खाली "तसदीबद्दल क्षमस्व" जोडून पाहिलं. शनिवार त्यात हरवला, ड्रॉइंगही आलं नाही. डोकं फिरायची पाळी.

जमलं ते असं. मूळ दोन्ही गोष्टी तशाच ठेवायच्या. आधी समोरच्याच्या मेलमधला एक तपशील घेऊन पोच द्यायची. मग प्रत्येक गोष्टीला तिचं कारण जोडायचं. मागणी असेल तिथे "पाठवाल का" आणि मुदत. शेवटी, अडचण असेल तर आपण काय करू, ते.

"नमस्कार साहेब, ४० फ्लँजबद्दलचा मेल मिळाला. बोअरिंग उरलंय, म्हणून माल शुक्रवारऐवजी शनिवारी निघेल, क्षमस्व. जुन्या ड्रॉइंगवर बोअरचा टॉलरन्स पुसट आहे, नवी प्रत गुरुवारपर्यंत पाठवाल का? शनिवार चालत नसेल तर कळवा, तयार नग आधी पाठवतो."

पाठवण्याआधी एकेक वाक्य बोटाने झाकून बघतो. ते नसताना समोरच्याला काहीच कमी कळत नसेल तर खोडतो. "क्षमस्व" फक्त उशीर आपला असेल तेव्हा, तेही उशिराच्याच वाक्यात. एकाच दिवशी मेलवर मेल चालू असतील तर मात्र दोन ओळी पुरतात, तिथे दर वेळी "नमस्कार" उगाच अवघडल्यासारखं दिसतं.