सिरियल ॲडर: माझं उत्तर एकने का जास्त यायचं

तिसऱ्या वर्षाच्या मिनी प्रोजेक्टला मी सिरियल ॲडर घेतला, कारण आकृती सोपी दिसली. दोन शिफ्ट रजिस्टर, एक फुल ॲडर आणि हातचा ठेवायला एक डी फ्लिप-फ्लॉप. चार बिटांची बेरीज चार क्लॉकमध्ये. आपण वहीत उजवीकडून बेरीज करत हातचा पुढे नेतो, तेच हे. फक्त एका वेळी एकच घर.

सिम्युलेशनमध्ये ३ + २ बरोबर आलं. ११ + ६ सुद्धा: १०११ आणि ०११० यांची बेरीज उजवीकडून १, ०, ०, ० अशी बाहेर पडली आणि शेवटी हातचा १ उरला, म्हणजे १७. लगेच पुढे २ + ३ दिलं, तर उत्तर ६!

अर्धा दिवस मी फुल ॲडरची समीकरणं तपासत बसलो. चूक तिथे नव्हतीच. १७ मधला शेवटचा हातचा फ्लिप-फ्लॉपमध्येच पडून होता आणि तो पुढच्या बेरजेच्या पहिल्या बिटात मिसळला. अशी चूक ओळखायची खूण म्हणजे उत्तर नेमकं एकनेच जास्त येतं, आणि तेही आधीच्या बेरजेतून हातचा उरला असेल तरच. माझ्या आधीच्या चाचण्या छोट्या आकड्यांच्या होत्या, म्हणून ती दिसली नव्हती. उपाय एवढाच: प्रत्येक बेरजेआधी `start` देऊन हातचा `c` शून्य करायचा.

```verilog
assign s = a ^ b ^ c;
always @(posedge clk)
  if (start)   c <= 1'b0;
  else if (en) c <= (a & b) | (c & (a ^ b));
```

`start` वेगळा क्लॉक खातो, म्हणजे चार बिटांना पाच क्लॉक. वजाबाकी हवी असेल तर `b` उलटा करा आणि सुरुवातीला `c` मध्ये ० ऐवजी १ भरा. बाकी काही बदलत नाही.

तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, "जागा किती वाचली?" मी तोऱ्यात सांगितलं, चारऐवजी एकच फुल ॲडर. ते म्हणाले, "आणि शिफ्ट रजिस्टर, काउंटर कोण मोजणार?" खरंच, चार बिटांना माझं सर्किट साध्या रिपल ॲडरपेक्षा मोठं होतं. बिटं वाढतात तसा फुल ॲडरचा खर्च तेवढाच राहतो, पण रजिस्टर मात्र वाढतच जातात. त्यामुळे खरा फायदा डेटा मुळातच एकेक बिट येत असेल तेव्हा. १९४९ साली केंब्रिजमध्ये सुरू झालेल्या एडसॅक या संगणकाची मेमरी पाऱ्याच्या नळ्यांची होती, बिटं त्यातून रांगेनंच यायची. तिथे सिरियल ॲडर आपसूक बसतो.

आज तुम्ही सेन्सरची एसपीआय लाइन थेट ॲडरला जोडायचा विचार कराल, तर आधी डेटाशीट उघडा. बरेच एडीसी सर्वांत मोठं बिट आधी पाठवतात आणि आपल्याला हवं असतं सर्वांत लहान. मग क्रम उलटवायला अख्खा शब्द रजिस्टरमध्ये साठवावा लागतो, आणि वाचलेली जागा तिथेच जाते.