येणे का वाढले? एमबीएची केस तपासताना

बेळगावात एमबीएच्या वर्गाला मी जी केस देतो, ती काल्पनिक असली तरी उद्यमबागेतल्या कोणत्याही मध्यम फाउंड्रीला लागू पडावी अशी बेतलेली आहे. नव्याने उत्तरपत्रिका तपासू लागलेल्या सहकाऱ्यांसाठी तिच्याच आधाराने हे लिहीत आहे.

केसमधल्या फाउंड्रीची वार्षिक विक्री ८ कोटींवरून १० कोटींवर गेली आहे आणि नफाही वाढला आहे. तरीही पगाराच्या तारखेला मालकाची ओढाताण होते आणि बँकेची कॅश क्रेडिटची मर्यादा सदैव संपलेली असते. बहुतेक विद्यार्थी निदान म्हणून ‘खेळत्या भांडवलाची टंचाई’ असे लिहितात. ही तर मालकाची तक्रारच झाली. अशा वाक्यापुढे मी समासात ‘का?’ एवढेच लिहितो आणि त्याचे उत्तर पुढच्या पानांत सापडते का ते पाहतो. ताळेबंदात ग्राहकांकडून येणे १.२० कोटींवरून २.५० कोटींवर गेलेले दिसते. विक्रीशी त्याचे प्रमाण काढले, तर पूर्वी सुमारे ५५ दिवसांत येणारा पैसा आता ९१ दिवसांवर गेला आहे. इथवर पोहोचणारा विद्यार्थी अर्धी वाट चालला, असे मी मानतो, कारण विक्री वाढली म्हणून येणे वाढणे वेगळे आणि वसुलीच लांबणे वेगळे, हे त्याने ओळखलेले असते.

चुकीची वाट बहुधा यानंतर लागते. विद्यार्थी मायकेल पोर्टर यांची पाच बलांची चौकट मांडतो, ‘ग्राहकाची सौदाशक्ती जास्त’ या रकान्यात खूण करतो आणि मोठा ग्राहक दांडगाईने पैसे अडवतो असा निष्कर्ष काढतो. हे ऐकायला पटते, आपल्या भागातल्या लहान उद्योजकांच्या अनुभवाशी जुळतेही, आणि म्हणूनच तपासणारा फसतो. चौकटीने सुचवलेले कारण केसमधल्या कोणत्या आकड्यावर टेकते, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. उत्तर शेवटच्या परिशिष्टात आहे. साठ दिवसांहून जुन्या १.३० कोटींच्या येण्यापैकी १.०५ कोटी एकाच भागाच्या, पंपाच्या हाउसिंगच्या, बिलांचे आहेत. त्याच भागाचे रिजेक्शन ३ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर गेले आहे. त्याच ग्राहकाला जाणाऱ्या इतर कास्टिंगची बिले मात्र वेळेवर चुकती होतात. केवळ सौदाशक्तीच्या जोरावर पैसे अडवले असते, तर सगळीच बिले लांबली असती. म्हणजे वायू अडकून कास्टिंगमध्ये राहणाऱ्या पोकळ्यांमुळे, ब्लो होलमुळे, माल नाकारला जातो, त्याची रक्कम कापणाऱ्या डेबिट नोटवर वाद होतो आणि तो मिटेपर्यंत संपूर्ण बिल अडकते.

शिफारशी वाचताना हे निदान शेजारी ठेवावे. ‘बिले ट्रेड्सवर टाकून लगेच पैसे मिळवावेत’ ही सूचना आधुनिक दिसते, परंतु बिलावर आगाऊ पैसे मिळवून देणाऱ्या त्या ऑनलाइन व्यवस्थेत खरेदीदाराला आधी बिल मान्य करावे लागते, आणि इथे नेमके तेच होत नाही. ‘२००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे ४५ दिवसांत पैसे मागावेत’ हीदेखील आवडती शिफारस आहे. पण ग्राहकाने माल पोचल्यापासून १५ दिवसांच्या आत लेखी हरकत घेतली, तर ती हरकत दूर झाल्याच्या दिवसापासून मुदत मोजली जाते, हे त्याच कायद्यातले कलम विद्यार्थी वाचत नाहीत. कायदा खरा आहे, ट्रेड्सही उपयोगी आहे, मात्र या दुखण्यावर दोन्ही लागू पडत नाहीत. अशा ठिकाणी मी शिफारशीचे गुण कापतो आणि शेजारी निदानाचे पान नोंदवतो, म्हणजे चूक कुठून सुरू झाली ते विद्यार्थ्याला दिसते.

खानापूरकडच्या एका विद्यार्थिनीने लिहिले होते की पावसाळ्यात मोल्डिंगच्या वाळूतला ओलावा वाढल्याने ब्लो होल येत असावेत. मी तिला विचारले, “हे केसमध्ये कुठे आहे?” ती म्हणाली, “केसमध्ये नाही, सर. बाबा फाउंड्रीत आहेत, ते सांगतात.” मी तिला म्हटले, “मग तसेच लिही, पण पुरावा आणि अंदाज वेगळे ठेव.” ओलाव्याने ब्लो होल येतात हे खरे असले, तरी कारण चुकीचे गेटिंग, म्हणजे धातू साच्यात नेणाऱ्या वाटांची चुकीची रचना, किंवा कमी तापमानाचे ओतकामही असू शकते, आणि केसमध्ये वाळूच्या चाचणीच्या नोंदी नाहीत.

तिने दुरुस्त केलेल्या उत्तरात आधी महिनावार रिजेक्शन काढावे, प्रत्येक पाळीत वाळूचा ओलावा मोजावा आणि दरम्यान ग्राहकाशी बोलून फक्त नाकारलेल्या नगांची रक्कम अडवून उरलेले बिल मोकळे करून घ्यावे, असे लिहिले होते. वसुली पुन्हा ५५ दिवसांवर आली, तर सुमारे १ कोटी रुपये मोकळे होतील, हा हिशेबही तिने मांडला आणि ग्राहक बिलाची अशी विभागणी मान्य करीलच याला केसमध्ये आधार नसल्याचे खाली नोंदवले. त्या नोंदीला मी वेगळे गुण दिले.